फॉन्टचं नाव न घेता

फेडएक्सचा ट्रक दिसला की जांभळी आणि नारिंगी अक्षरं लगेच ओळखू येतात. पण ती अक्षरं न पाहिलेल्या माणसाला फोनवर सांगायची वेळ आली, तर बहुतेकांची गाडी ‘फॉन्ट कुठला?’ या प्रश्नावर अडते. या वर्डमार्कला त्या प्रश्नाचं नेमकं उत्तरच नाही. १९९४ मध्ये लँडोर या संस्थेत लिंडन लीडर यांनी तो आखला, तेव्हा त्यांच्यासमोर युनिव्हर्स आणि फ्युचुरा हे दोन फॉन्ट होते. दोन्हींमधले गुण घेऊन त्यांनी अक्षरं नव्यानं बांधली. त्यामुळे यातलं कुठलंही एक नाव सांगितलं तर ऐकणारा चुकीचंच चित्र डोळ्यांसमोर आणेल.

मग सांगायचं कसं? आधी जाडी. रेघा ठळक आहेत, टोकांना शेपट्या नाहीत, आणि छोट्या ‘ई’च्या पोटातली पांढरी पोकळी भोवतालच्या काळ्या भागापुढे लहान वाटते. ‘जाड’ एवढंच म्हणणं मात्र पुरत नाही. उभ्या रेघेची रुंदी अक्षराच्या उंचीशी ताडून सांगावी, म्हणजे आकार कितीही बदलला तरी वर्णन टिकतं.

खरी गंमत आहे ती अंतरात. अक्षरं इतकी दाटीनं बसवली आहेत की शेवटचे मोठा ‘ई’ आणि छोटा ‘एक्स’ एकमेकांना चिकटतात. ‘एक्स’ची उंची अशी बेतली आहे, की त्याचा वरचा डावा हात ‘ई’च्या मधल्या आडव्या रेघेला भिडतो आणि खालचा पाय तळाच्या रेघेला. ‘ई’च्या त्या दोन रेघांमधली मोकळी पट्टी म्हणजे बाणाची काठी, आणि ‘एक्स’च्या डाव्या बाजूची खाच म्हणजे त्याचं टोक. बाण कुणी काढलेला नाही, तो उरलेल्या जागेत तयार झाला आहे. (एकदा दिसला की तो नजरेआड करणं कठीण!)

हीच गोष्ट तपासाच्या कामी येते. एखाद्या छपाईवाल्यानं नावाला मिळताजुळता फॉन्ट लावून अक्षरं नेहमीच्या अंतरानं टाकली, तर ‘ई’ आणि ‘एक्स’ यांच्यामध्ये उभी पांढरी फट पडते. त्या फटीतून बाण बाहेर सांडतो आणि त्याचा आकारच मोडतो. अक्षरं ओळखीची वाटतात, तरी काहीतरी बिनसल्यासारखं दिसतं. नक्कल पकडायची असेल तर आधी हा सांधा पाहावा.

रंगांवर मात्र विसंबून चालत नाही. काळ्या-पांढऱ्या पावतीवर जांभळा आणि नारिंगी दोन्ही जातात, पण बाण राहतो. म्हणून वर्णनात रंग शेवटी यावा.

या वर्डमार्कच्या अरबी रूपातही बाण आहे. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, तेव्हा तिथे तो डावीकडे रोखलेला आहे.