अतिशीत स्फटिकांची उष्माधारकता

पदार्थाचे तापमान एका अंशाने वाढवण्यास जितकी उष्णता लागते तिला त्याची उष्माधारकता म्हणतात; ती खोलीच्या तापमानाला बहुतेक स्फटिकी धातूंत दर मोलमागे सुमारे 25 जूल असते, पण तांबे द्रव हेलियमच्या 4.2 केल्विन तापमानापर्यंत थंड केले, की ती हजारो पटींनी घटते. अभिजात भौतिकीनुसार प्रत्येक अणूच्या कंपनाला तापमानाच्या प्रमाणात ऊर्जा मिळायला हवी, त्यामुळे ही घट तिच्या चौकटीत बसत नाही.

आइन्स्टाइनने 1907 मध्ये असे मांडले, की कंपन ऊर्जा कितीही बारीक हिश्श्यांत घेत नाही; ते वारंवारतेच्या प्रमाणातील ठरावीक पुंजांतच घेते. कमी तापमानाला उपलब्ध औष्णिक ऊर्जा एका पुंजाहून तोकडी पडली, की ते कंपन जणू गोठते. मात्र आइन्स्टाइनने सर्व अणूंना एकच वारंवारता दिल्याने घट प्रयोगापेक्षा फार वेगवान निघाली. डिबायने 1912 मध्ये संपूर्ण जालकाच्या सामूहिक लहरी विचारात घेतल्या. त्यांपैकी लांब तरंगलांबीच्या लहरींचे पुंज लहान असल्याने त्या शेवटपर्यंत जाग्या राहतात, परंतु त्यांची संख्या तापमानाच्या घनाप्रमाणे घटते, म्हणून तापमान निम्मे झाले की जालकाची उष्माधारकता एक-अष्टमांश उरते.

धातूंत मुक्त इलेक्ट्रॉनांचा वाटा तापमानाच्या केवळ समप्रमाणात घटतो आणि तांब्यात सुमारे 4 केल्विनखाली तोच वरचढ ठरतो. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 2016 मध्ये बिस्मथचा स्फटिक 0.53 मिलिकेल्विनखाली अतिसंवाहक आढळला. इतक्या कमी तापमानाला उष्माधारकता इतकी अल्प असते, की बाहेरून झिरपलेली नाममात्र उष्णताही नमुना तापवते.