तळहातावरच्या दोन काठ्या

तळहातावर काठी उभी धरायचा खेळ बहुतेकांनी लहानपणी केलेला असतो. काठी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हात नेला की ती सावरते. आता त्याच तळहातावर अगदी सारख्या लांबीच्या दोन काठ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि हात एकाच रेषेत मागेपुढे हलवला, तर? सराव कितीही केला तरी त्या दोन्ही एकदम सावरता येत नाहीत. दोष हाताचा नसतो. हाताचा प्रत्येक झटका दोन्ही काठ्यांना सारखाच बसतो, म्हणून त्यांच्या कलांमधला फरक हाताला बदलताच येत नाही.

तो फरक वाढतो मात्र आपोआप. टोकाला वजन असलेल्या १ मीटर लांबीच्या हलक्या काठ्या घेऊ. सुरुवातीला त्यांच्या कलांत जेमतेम ०.१ अंशाचा फरक असेल, तर सेकंदभरात तो एक अंशाच्या थोडा वर जातो आणि दोन सेकंदांत सुमारे २६ अंश होतो. तोवर एखादी काठी पडण्याच्या बेतात आलेली असते.

या खेळाचे पूर्ण वर्णन करायला सहा आकडे लागतात: प्रत्येक काठीचा कल आणि तो बदलण्याचा वेग, शिवाय हाताची जागा आणि हाताचा वेग. नियंत्रणशास्त्रात अशा आकड्यांना ‘स्थिती’ म्हणतात. हंगेरीत जन्मलेले अमेरिकन शास्त्रज्ञ रुडॉल्फ कालमन यांनी १९६० साली मॉस्कोच्या परिषदेत दोन प्रश्न नेमकेपणाने मांडले. आपल्या हालचालीने कोणती स्थिती बदलता येते? आणि मोजमापावरून कोणती स्थिती ओळखता येते? पुढे १९६२ च्या लेखात त्यांनी दोन्ही प्रश्न एकत्र घेऊन कोणत्याही रेषीय यंत्रणेचे चार भाग पाडून दाखवले.

युक्ती अशी, की मूळ आकडे तसेच न ठेवता त्यांची नवी मांडणी करायची. दोन कल वेगवेगळे लिहिण्याऐवजी त्यांची सरासरी आणि त्यांचा फरक लिहायचा. समजा, आपल्याजवळ एकच उपकरण आहे आणि ते फक्त सरासरी कल दाखवते. मग गुंता आपोआप सुटतो. सरासरी कल हाताने बदलतो आणि उपकरणात दिसतोही. फरक हाताला बदलत नाही, उपकरणात दिसत नाही.

तिसरी जोडी हाताची जागा आणि वेग यांची. ती हातानेच बदलते, पण काठीच्या कलावरून कधीच कळत नाही. काठीला जाणवतो तो हाताच्या वेगातला बदल. हात एकाच वेगाने सरकत राहिला तर काठीच्या लेखी तो स्थिरच असतो. म्हणूनच प्रयोगशाळेत नुसता कोन मोजून गाडीवरची काठी तोलणारी यंत्रणा काठी उभी ठेवते खरी, पण गाडी हळूहळू सरकत रुळाच्या टोकाला जाऊन आदळते.

चौथा भाग, म्हणजे दिसणारा पण हाताबाहेरचा, इथे रिकामा आहे. दोन्ही काठ्यांचे कल स्वतंत्रपणे मोजायला लागलो की फरक त्या भागात येऊन बसतो. काठी पडताना आता स्पष्ट दिसते, तरी थांबवता येत नाही. यंत्र तेच असते, पण मोजणी बदलली की त्याचे भागही बदलतात.

कालमन यांचा सगळ्यात मोलाचा मुद्दा याच्या पुढचा आहे. हाताचे त्वरण द्यायचे आणि सरासरी कल मोजायचा, एवढ्यावरून या खेळाचे सूत्र काढले तर त्यात सहापैकी दोनच आकडे उरतात. बाकीचे चार सूत्रात येतच नाहीत, कारण देणे-घेणे जोडणाऱ्या सूत्राला फक्त पहिला भाग दिसतो. MATLAB मधली `minreal` ही आज्ञा हे अदृश्य भाग गाळून सुटसुटीत प्रतिकृती देते. गाळलेल्या भागात वाढणारा फरक असेल, तर कागदावर यंत्रणा उत्तम चाललेली दिसते आणि प्रत्यक्षात काठी खाली पडते. गाळण्याआधी तो भाग आपोआप शमतो की वाढतो, हे तपासायलाच हवे. त्याच काठ्या हाताखाली लोंबत्या ठेवल्या तर फरक तेव्हाही हाताबाहेरचाच राहतो, पण घर्षणामुळे विरून जातो; तो गाळायला हरकत नसते.

एक काठी आखूड केली की कोंडी फुटते. लांबी वेगळी असली की पडण्याची गतीही वेगळी होते आणि एकच हात दोन्ही काठ्या सावरू शकतो. गणित तसे ठामपणे सांगते. पण एक काठी १०० सेंटिमीटर आणि दुसरी ९९ सेंटिमीटर असेल, तर हे ‘शक्य’ फार महागात पडते. फरकावरची पकड इतकी दुबळी असते, की तो आवरायला हात खूप लांबवर आणि जोरात हलवावा लागतो. गणिताच्या चाचणीचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असेच येते, त्यात पकड किती दुबळी आहे हे येत नाही. म्हणून जाणकार अभियंते पकडीची ताकद सांगणारी संख्या वेगळी काढून पाहतात. ती शून्याच्या जवळ आली, तर ते काठ्यांची लांबी बदलतात किंवा यंत्रणेला दुसरा हात जोडतात.