काल ग्राहक काय म्हणाले? सकाळच्या एका पानाचा हिशेब

घरपोच किराणा देणाऱ्या सेवेत सामान दारात पोहोचले की ग्राहकाच्या मोबाइलवर एक लिंक येते. ती उघडली की दोनच प्रश्न असतात: सेवेला १ ते ५ पैकी किती गुण द्याल, आणि काही सांगायचे आहे का? दिवसभरात अशी उत्तरे जमत जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी, गोदामातले काम सुरू होण्यापूर्वी, ती एका पानावर आणायची असतात. वर समाधानाचा आकडा आणि खाली तक्रारींचे मुख्य विषय, असे हे पान असते. ते वाचून व्यवस्थापक त्या दिवशी कशाकडे लक्ष द्यायचे ते ठरवतो. म्हणूनच ते कसे तयार होते आणि कुठे फसवू शकते, हे नीट समजून घ्यावे लागते.

आधी साफसफाई

उदाहरणासाठी पुण्यातली अशी एक सेवा कल्पूया. काल तिने १,२४० ऑर्डरी पोहोचवल्या आणि शीटमध्ये १४६ ओळी जमल्या. या सगळ्याच ओळी मोजायच्या नसतात. काही ग्राहक बटण दोनदा दाबतात आणि तेच उत्तर दोन ओळींत येते. कधी कर्मचाऱ्यांनीच लिंक चालते का पाहण्यासाठी भरलेले फॉर्म शिल्लक असतात. ऑर्डर क्रमांकावरून ही पुनरावृत्ती ओळखता येते. एका ऑर्डरचे एकच उत्तर, आणि तेही शेवटचे, असा नियम एकदा ठरवला की रोज तोच पाळायचा. इथे सहा ओळी गळाल्या आणि १४० उरल्या.

दुसरी अडचण ‘काल’ म्हणजे नेमके कधी, ही. अनेक संगणकप्रणाल्या वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदवतात आणि भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. ही नोंद तशीच वापरली, तर दिवस मध्यरात्री न बदलता पहाटे साडेपाचला बदलतो. रात्री बारानंतर आठवणीने फॉर्म भरणाऱ्यांची उत्तरे मग आदल्या दिवसात जातात. याहून मोठा प्रश्न असा, की परवाच्या ऑर्डरीचे उत्तर कोणी काल देतो. सकाळच्या पानासाठी उत्तर आले तो दिवस धरणे सोयीचे, कारण तो हिशेब मागाहून बदलत नाही. ऑर्डरीच्या तारखेनुसार मांडणी आठवड्याच्या अहवालात करावी. तोवर उशिरा येणारी बहुतेक उत्तरे आलेली असतात.

आकडा कसा काढतात

उरलेल्या १४० जणांपैकी ६२ जणांनी ५ गुण दिले, ३६ जणांनी ४, १४ जणांनी ३, १० जणांनी २ आणि १८ जणांनी १. सर्वांत रूढ पद्धतीत ४ आणि ५ देणाऱ्यांना समाधानी मानतात आणि त्यांची टक्केवारी काढतात. ६२ आणि ३६ मिळून ९८, म्हणजे १४० पैकी ७० टक्के. गुण ‘C’ स्तंभात असतील, तर शीटमध्ये एवढेच सूत्र पुरते:

```
=COUNTIF(C:C,">=4")/COUNT(C:C)
```

याच गुणांची सरासरी ३.८ येते. सरासरी वाचायला सोपी वाटते, पण ती टोके झाकते. शंभर जणांनी ३ गुण दिले तरी सरासरी ३, आणि पन्नास जणांनी ५ व पन्नास जणांनी १ दिला तरीही ३. पहिल्या सेवेत सगळे साधारण आहे. दुसरीत निम्मे ग्राहक खूश आणि निम्मे संतापलेले आहेत. दोन्हींवरचे उपाय वेगळे असतात. म्हणून समाधानी ग्राहकांच्या टक्केवारीशेजारी १ गुण देणाऱ्यांची संख्याही लिहावी. इथे ती १८ आहे.

फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये मांडलेली आणखी एक पद्धत कंपन्यांत फार वापरली जाते. तिच्यात ‘ही सेवा तुम्ही इतरांना सुचवाल का’ असे विचारून ० ते १० गुण मागतात. ९ आणि १० देणाऱ्यांच्या टक्केवारीतून ० ते ६ देणाऱ्यांची टक्केवारी वजा केली की उणे १०० ते अधिक १०० यांमधला एक अंक मिळतो. हा अंक आणि समाधानाची टक्केवारी एकमेकांशी ताडून पाहू नयेत, कारण दोन्हींचे प्रश्नच वेगळे आहेत.

चार टक्क्यांची घसरण खरी की योगायोगाची?

परवा समाधान ७४ टक्के होते, काल ७० झाले. लाल बाण दाखवून बैठक बोलावण्याचा मोह इथेच होतो. पण १४० उत्तरांवरून काढलेल्या ७० टक्क्यांना दोन्ही बाजूंनी सुमारे ८ टक्के-बिंदूंची सूट द्यावी लागते. सेवा तशीच राहिली आणि केवळ उत्तर देणारे वेगळे निघाले, तरी आकडा एवढा हलू शकतो. त्यामुळे चार बिंदूंची घसरण एकटी काही सिद्ध करत नाही. आठवड्याची मिळून हजारेक उत्तरे घेतली, तर ही सूट सुमारे ३ बिंदूंवर येते. म्हणून कालच्या आकड्याशेजारी मागच्या सात दिवसांचा एकत्रित आकडा द्यावा आणि किती उत्तरांवरून तो काढला तेही लिहावे.

हा हिशेबही फक्त योगायोगाने होणाऱ्या चढउताराचा आहे. १,२४० पैकी १४० जणांनी, म्हणजे सुमारे ११ टक्क्यांनी उत्तर दिले. जे फार खूश किंवा फार नाराज असतात, ते फॉर्म भरण्याची तसदी अधिक घेतात. मधले लोक गप्प राहतात. उत्तरांची संख्या वाढल्याने हा कल जात नाही. म्हणून ‘७० टक्के ग्राहक समाधानी’ असे न लिहिता ‘उत्तर देणाऱ्यांपैकी ७० टक्के समाधानी’ असे लिहिणेच बरोबर. उत्तर देण्याचे प्रमाण अचानक निम्म्यावर आले, तर आधी लिंक सगळ्यांना पोहोचली का ते तपासावे.

शेऱ्यांतून विषय

पानाचा खालचा भाग अधिक कष्टाचा आणि अधिक उपयोगाचा असतो. १४० पैकी ५८ जणांनी काहीतरी लिहिले. त्यांतले ११ शेरे नुसते ‘ओके’ किंवा अंगठ्याचे चिन्ह होते आणि ९ जणांनी केवळ कौतुक केले. उरलेल्या ३८ जणांची काही ना काही तक्रार होती.

तक्रारींची विभागणी करण्यासाठी विषयांची यादी आधीच तयार असावी लागते. डिलिव्हरीला उशीर, भाजी-फळे खराब, वस्तू कमी किंवा बदललेली, पैसे परत मिळण्यात अडचण, कर्मचाऱ्याचे वागणे आणि इतर, एवढ्या विषयांत किराणा सेवेचे काम भागते. प्रत्येक विषयात काय धरायचे आणि काय नाही, ते एका ओळीत लिहून ठेवावे. फुटलेले अंडे ‘खराब’मध्ये की ‘पॅकिंग’मध्ये, असा वाद रोज नव्याने घालायचा नसतो. दोघांनी तेच पन्नास शेरे एकमेकांना न विचारता वाटून पाहिले, की कुठल्या विषयाची व्याख्या ढिली आहे ते कळते. ‘इतर’मधली संख्या फुगू लागली, तर नवा विषय जन्माला आला आहे असे समजावे.

शब्द शोधून शेरे आपोआप वाटण्याची सोय शीटमध्येही करता येते, पण तिथे खड्डे फार. मराठी ग्राहक ‘उशीर’ लिहितो, ‘लेट’ लिहितो आणि रोमन लिपीत `ushir`, `usheer` किंवा `late`ही लिहितो. यादीत सगळी रूपे नसतील, तर तक्रारी सुटतात. उलट `late` ही अक्षरे `chocolate` या शब्दातही आहेत. त्यामुळे चॉकलेट वितळल्याची तक्रार उशिराच्या खात्यात जाते. ‘अजिबात उशीर झाला नाही’ हे कौतुकही तिथेच जाऊन बसते. म्हणून यंत्राने वाटलेल्या शेऱ्यांपैकी वीस-पंचवीस रोज माणसाने वाचून पाहावेत. चाळीसच शेरे असतील, तर सगळेच वाचणे उत्तम. त्याला अर्धा तासही लागत नाही.

गुण आणि शेरा यांचा मेळही पाहावा. कोणी ५ गुण देऊन ‘सगळे छान, कोथिंबीर मात्र सडकी’ असे लिहितो. ही तक्रार गुणांत दिसत नाही, म्हणून शेरे फक्त नाराजांचेच वाचून चालत नाही. कोणी १ गुण देऊन ‘एक नंबर सर्व्हिस’ असे लिहितो, कारण त्याने १ म्हणजे पहिला क्रमांक असे धरलेले असते. असे गुण स्वतःहून बदलू नयेत. ते वेगळे मोजावेत आणि वारंवार दिसले, तर फॉर्ममध्ये १ शेजारी ‘अत्यंत वाईट’ आणि ५ शेजारी ‘उत्तम’ असे छापावे.

कालच्या ३८ जणांपैकी १७ जणांनी उशिराची तक्रार केली, ११ जणांनी खराब भाजी-फळांची, ९ जणांनी वस्तू कमी आल्याची, ५ जणांनी पैसे परत न मिळाल्याची, ३ जणांनी वागण्याची आणि ४ जणांच्या तक्रारी इतर होत्या. बेरीज ४९ होते, कारण एकाच शेऱ्यात दोन तक्रारी असू शकतात. उशिराच्या या १७ तक्रारी म्हणजे तक्रार करणाऱ्यांचे ४५ टक्के, पण उत्तर देणाऱ्यांचे १२ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. कोणत्या संख्येचे टक्के, हे न लिहिता त्यांतला एक दिला, तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

बातमी कुठे दडली होती

उशिराच्या १७ तक्रारी पत्त्यानुसार लावल्यावर त्यांतल्या १२ एकाच भागातून आल्याचे दिसले. त्या भागातून एकूण २४ उत्तरे आली होती आणि त्यांत समाधानी फक्त ८, म्हणजे एक तृतीयांश. उरलेल्या शहरातल्या ११६ पैकी ९० समाधानी, म्हणजे ७८ टक्के. उत्तरे २४ च असली, तरी एवढे अंतर निव्वळ योगायोगाने सहसा पडत नाही. एकूण आकड्याची घसरण काही सांगत नव्हती, पण शेऱ्यांनी नेमकी जागा दाखवली. उशीर का झाला, ते मात्र सर्वेक्षण सांगू शकत नाही. त्यासाठी त्या भागाच्या गाड्या गोदामातून किती वाजता निघाल्या, ती नोंद उघडावी लागते. म्हणून पानावर ‘या भागात संध्याकाळच्या डिलिव्हरीला उशीर, गाड्यांच्या वेळा तपासाव्यात’ एवढेच लिहावे. कारणाचा अंदाज बांधून लिहू नये.

काही शेरे मात्र मोजणीसाठी थांबवायचे नसतात. अन्नातून त्रास झाला किंवा कर्मचाऱ्याने धमकावले, असे एकानेही लिहिले, तर ते वाचताक्षणी जबाबदार माणसाकडे जायला हवे. पानावर नमुन्यादाखल शेरे देताना ग्राहकाने लिहिलेला फोन नंबर आणि पत्ता आधी काढून टाकावा.

चांगल्या पानावर मग एवढेच उरते: उत्तरे किती आली, कालचे आणि सात दिवसांचे समाधान, १ गुण देणारे किती, तीन मोठे विषय त्यांच्या संख्येसह, प्रत्येक विषयाचा ग्राहकाच्याच शब्दांतला एक शेरा आणि आज तपासायची एक गोष्ट. रोजचा आकडा बहुतेक वेळा काही नवे सांगत नाही. शेरे वाचणाऱ्याला मात्र आज कुठे जाऊन पाहायचे ते कळते, आणि सकाळचा वेळ त्यासाठीच खर्च करावा.