रिकाम्या खोक्यांची विक्री

चीनमध्ये कुरिअरची पार्सलं बऱ्याचदा गल्लीतल्या किराणा दुकानात ठेवली जातात. अशा दुकानदाराच्या लक्षात आधी येतं ते वजन: पावतीवर भांडी, हातात मात्र पिसासारखं खोकं. सील शाबूत, आत काहीच नाही.

चोरी? नाही. विक्रेता भाडोत्री गिऱ्हाइकाकडून मागणी नोंदवून घेतो, पैसे गुपचूप परत करतो आणि रिकामं खोकं धाडतो. कुरिअरवाल्याने स्कॅन केलं की ‘पोहोचलं’ अशी नोंद होते. मग पाच तारे, कौतुक, यादीत वरचं स्थान.

1 जानेवारी 2019पासून लागू झालेल्या चिनी ई-कॉमर्स कायद्याने असे बनावट व्यवहार आणि अभिप्राय बेकायदा ठरवले आहेत.