पहिलं उत्तर

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलजवळ रुग्णांना मदत करणारी एक छोटी संस्था आहे असं धरून चालू. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या निरोपांना पाच-सहा स्वयंसेवक आळीपाळीने उत्तरं देतात. दुपारी निरोप येतो : 'वडिलांना उद्या ॲडमिट करायला सांगितलंय. दोन लाख म्हणतात. काही होईल का?'

आणि उत्तर जातं : 'नमस्कार! आमच्या संस्थेशी संपर्क साधल्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद. आपल्या भावना आम्ही समजू शकतो. काळजी करू नका. कृपया विहित नमुन्यातील अर्ज व सर्व आवश्यक कागदपत्रे सादर करावीत. लवकरच आपल्याशी संपर्क साधण्यात येईल.'

यात उद्धट काहीच नाही, पण विचारणाऱ्याच्या हातीही काही पडलेलं नाही. कोणती कागदपत्रं? लवकर म्हणजे उद्याच्या आधी की नंतर? असं उत्तर पुन्हा जाऊ नये म्हणून संस्थेने एक पानाची लेखनपद्धती लिहून भिंतीवर लावावी. एका पानापेक्षा मोठी झाली तर ड्युटीवरचा स्वयंसेवक ती वाचणार नाही.

सुरुवात आपुलकीपासून. ती एकाच वाक्यात असावी आणि त्या वाक्यात समोरच्याने सांगितलेली एखादी गोष्ट यावी. 'वडिलांना उद्याच दाखल करायचं आहे हे कळलं' एवढं पुरतं. निरोप नीट वाचला गेला हे त्यातून समजतं. 'काळजी करू नका' मात्र कटाक्षाने टाळावं. खाट मिळेल की नाही हे आपल्यालाच ठाऊक नसताना तो दिलासा कशाच्या जोरावर द्यायचा? नाव कळेपर्यंत ताई-दादाही नको. वरच्या निरोपातून लिहिणारी मुलगी आहे की मुलगा, हे कुठे कळतं?

'तुम्ही' की 'आपण', हे पानावर स्पष्ट लिहावं. मी 'तुम्ही'च्या बाजूने आहे. 'आपण अर्ज करू' म्हटलं की संस्था सोबत येणार असं वाटतं आणि 'आपण अर्ज करावा' म्हटलं की सगळं एकट्यावर येतं. घाबरलेल्या माणसाला हा फरक उलगडत बसायला लावू नये.

लांबी साठ शब्दांच्या आत ठेवावी, म्हणजे उत्तर साध्या फोनच्या एका पडद्यावर मावतं. त्यात एकच प्रश्न, एकच पुढचं काम आणि एक वेळ. आपल्या निरोपात काय बसतं ते पाहा :

'वडिलांना उद्याच दाखल करायचं आहे हे कळलं. हॉस्पिटल कोणतं? ते धर्मादाय असेल तर गरीब रुग्णांच्या राखीव खाटेसाठी विचारता येतं. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला शोधून ठेवा. संध्याकाळी सहाच्या आत मी फोन करते.'

हे वाक्य हवेतलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पण योजनेची ही माहिती पहिल्या उत्तरात ओतायची नाही. हॉस्पिटल धर्मादाय नसेल तर ती फुकट जाते, आणि उत्पन्नाची अट सांगायला संध्याकाळचा फोन आहेच.

शब्दांचा नियम साधा : घरात जे म्हणतात ते लिहायचं. शिधापत्रिका नको, रेशनकार्ड. 'सादर करा' नको, 'फोटो पाठवा'. याला अपवाद एकच. ज्या खिडकीवर जो शब्द विचारला जाणार, तो तसाच द्यायचा. 'उत्पन्नाचा दाखला' सोपा करायला गेलात तर माणूस तहसील कार्यालयातून पगाराची स्लिप घेऊन परत येईल.

टाळायच्या शब्दांची यादी छोटी असावी आणि प्रत्येकासमोर पर्याय हवा. 'लवकरच'ऐवजी वेळ. 'नियमानुसार'ऐवजी नियम काय तो. 'फक्त एवढीच कागदपत्रं' यातला 'फक्त' काढून टाकावा, कारण गावाकडे राहिलेलं एक कार्ड मागवायलाही दोन दिवस जातात. 'आधी कळवलं असतंत तर' या वाक्याला पर्याय नाही, ते खोडायचंच.

तयार वाक्यं मात्र पानावर देऊ नयेत. सहा जण तीच ओळ चिकटवू लागले की वॉर्डातल्या दोन नातेवाइकांच्या फोनवर एकच आपुलकी दिसते. त्यापेक्षा चुकलेलं उत्तर आणि सुधारलेलं उत्तर शेजारी-शेजारी छापावं.

पान जमलं की नाही, हे दुसऱ्या निरोपावरून कळतं. 'म्हणजे नक्की काय करू?' असं परत येत असेल तर पहिलं उत्तर फसलं. महिन्याभराचे असे निरोप काढून पान पुन्हा लिहावं.

आणि पानाच्या अगदी वर, ठळक अक्षरांत : रुग्ण अत्यवस्थ असेल तर टाइप करत बसू नका, फोन लावा. त्याच योजनेनुसार अशा रुग्णाला धर्मादाय रुग्णालयाने अनामत रक्कम न मागता ताबडतोब दाखल करून घ्यावं लागतं, आणि हे नातेवाइकाला त्याच क्षणी सांगायला हवं.