अर्जंट ब्लाउजची शिलाई

अस्तराच्या ब्लाउजची शिलाई 600 रुपये आणि मुदत आठ दिवसांची, असं समजू. लग्नसराईत गिऱ्हाईक शुक्रवारी कापड आणतं आणि रविवारी सकाळी ब्लाउज मागतं. इथे वाद होतो तो बहुतेक वेळा जादा पैशांमुळे नाही, तर ते ब्लाउज हातात देताना सांगितल्यामुळे. म्हणून माप घेतानाच दोन्ही दर सांगावेत: ‘ताई, पुढच्या शनिवारी चालेल तर 600, परवाच हवा असेल तर 900.’ निवड तिची राहते. पुष्कळदा ती शनिवारच घेते, आणि तेही चांगलंच.

पावतीवर शिलाई 600 आणि अर्जंट 300 असं वेगळं लिहावं, म्हणजे पुढच्या वेळी नेहमीच्या दराचा घोळ होत नाही. या 300 मधले निम्मे तरी रात्री थांबून हूक-काजं करणाऱ्या कारागिराला मिळायलाच हवेत. दिवसाला एक-दोनच अर्जंट नग घ्यावेत. जास्त घेतले की आधीच्या गिऱ्हाइकांच्या तारखा चुकतात आणि त्यांचा राग रास्त असतो. ब्लाउज रविवारी सकाळी तयार नसेल, तर 300 मागण्याआधीच परत करावेत.