मिसळीच्या स्टॉलवरचा फलक आणि टोकन

खाद्यमहोत्सवातील मिसळीच्या स्टॉलवर रांग बहुधा दोन कारणांनी अडते: काय घ्यायचे हे गिऱ्हाईक खिडकीशी आल्यावर ठरवते आणि सुट्ट्या पैशांचा हिशेब लांबतो. म्हणून फलक खिडकीच्या वर, डोक्यांच्या उंचीपेक्षा उंच लावतात आणि त्याची दुसरी प्रत रांगेच्या सुरुवातीला ठेवतात. त्यावर मिसळ-पाव ८० रुपये, दही मिसळ १०० रुपये असे मोजकेच पदार्थ आणि दहाच्या पटीतले दर असावेत.

जोडपदार्थ असे निवडावेत की ते आधीच भरून ठेवता येतील, उदाहरणार्थ जादा पाव आणि ताकाचा पेला. ‘मिसळ, ताक, जादा पाव: १२० रुपये’ ही ओळ फलकावर सर्वांत वर लिहिली, तर गिऱ्हाईक एकाच वाक्यात पूर्ण मागणी सांगते. भजीसारखा ऐनवेळी तळावा लागणारा जोडपदार्थ मात्र सगळी रांग थांबवतो.

पैसे एका खिडकीवर घेऊन वाढप दुसरीकडे ठेवावे. फलकावरच्या प्रत्येक ओळीसाठी वेगळ्या रंगाचे, क्रमांक छापलेले टोकन दिले की वाढपी रंग पाहूनच ताट लावतो. ताट दिल्यावर टोकन लगेच फाडावे, नाहीतर ते पुन्हा फिरते.

एका टोकनाला २० सेकंद आणि एका ताटाला ४० सेकंद लागत असतील, तर एका टोकन-खिडकीमागे दोन वाढपी लागतात. वाढपाशी गर्दी साचू लागली, तर तिसरा वाढपी उभा करावा. तो नसल्यास टोकनविक्री थोडी थांबवावी.